रेडीमेड ब्लाउजमध्ये काय बदलता येतं: एका गिऱ्हाइकाला लिहिलेलं पत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमचा भाचा ब्लाउज देऊन गेला. पिशवीत तुमचा मापाचा जुना ब्लाउजही होता, ते बरं केलंत. सोबतच्या चिठ्ठीत चार कामं लिहिली होती: छाती सैल करा, बाह्या लावा, मागचा गळा वर घ्या, खांदा उतरतो तो बसवा. त्याखाली एक ओळ होती, ‘जे जमेल ते करा.’ ह्या ओळीवर मी सुई हातात घेत नाही. जे जमेल ते केलं आणि तुम्हाला हवं होतं ते झालं नाही, तर ब्लाउज उसवलेला असतो आणि दुकानही तो परत घेत नाही. म्हणून आधी हे पत्र. तुमच्या चारपैकी दोन कामं चांगली होतील, एक अर्धं होईल, आणि एक तुम्ही सांगता त्या जागी न होता दुसऱ्या जागी होईल. शिवाय तुम्ही असेच आणखी दोन ब्लाउज घ्यायचं म्हणताय, तर ते घेण्याआधी काय बघायचं तेही लिहिते.

पहिली गोष्ट अशी की रेडीमेड ब्लाउज सैल होणार की नाही, हे बाहेरून कधीच कळत नाही. तो उलटा करावा लागतो. शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडलेलं असतं त्याला आम्ही माया म्हणतो, कुणी दाब म्हणतं. जिथे माया आहे तिथे ब्लाउज वाढतो. जिथे ती कापून टाकलीय तिथे कुठलाही शिंपी कापड उत्पन्न करू शकत नाही. रेडीमेडवाले माया ठेवतात ती बहुतेक बाजूच्या शिलाईत, म्हणजे काखेपासून कमरेपर्यंत. कारण एकच ब्लाउज दोन-तीन मापांच्या बायकांना विकता यावा. गळ्यात माया नसते. तिथे कापड गळ्याच्या आकारात कापून पायपिंगमध्ये बंद केलेलं असतं. प्रिन्सेस कटच्या, म्हणजे छातीवरून खाली जाणाऱ्या त्या गोल शिलाईत थोडी माया दिसते, पण ती फसवी. गोलाई नीट वळावी म्हणून तिला कात्रीनं आडवे कट दिलेले असतात. तिथून सैल करायला गेलं की ते कट नव्या शिलाईत येतात आणि दोनदा घातल्यावर कापड तिथेच फाटतं. कटोरीच्या ब्लाउजचंही तेच. कटोरी लहान पडली तर ब्लाउज परत द्या, माझ्याकडे आणू नका.

तर बाजू उलटी करून बघायची. कापडाची माया आणि अस्तराची माया वेगवेगळी मोजायची. बहुतेक जण इथे चुकतात. वरच्या कापडाची ऐसपैस माया बघून खूश होतात, आणि अस्तराची माया मात्र कमी असते. तुमच्या ब्लाउजमध्ये नेमकं असंच निघालं. वरच्या कापडाला सव्वा इंच माया आहे, पण अस्तराला पाऊण इंचच. ब्लाउज किती सैल होणार हे अस्तर ठरवणार, कापड नाही. पाऊण इंचातला पाव इंच शिलाईच्या बाहेर राहू द्यावाच लागतो, नाहीतर टीप सरकते. म्हणजे वापरता येणार अर्धा इंच.

अर्धा इंच ऐकून वाईट वाटून घेऊ नका. बाजू दोन, आणि प्रत्येक बाजूला पुढचं कापड एक आणि पाठीचं एक. अशा चार कडा अर्धा-अर्धा इंच सुटल्या की घेरात दोन इंच मिळतात.

आता तुम्हाला किती हवेत ते बघू. पॅड असलेला ब्लाउज सपाट ठेवून काखेतून काखेत टेप लावली आणि दुप्पट केली तर माप चुकतं, कारण पुढची बाजू फुगीर असते. पाठ वेगळी मोजायची, आणि पुढची बाजू कपाच्या फुगवट्यावरून टेप नेऊन वेगळी मोजायची, हूक लावून. तुमच्या नव्या ब्लाउजची पाठ साडेसोळा भरली आणि पुढची बाजू अठरा, म्हणजे घेर साडेचौतीस. लेबलवर 36 लिहिलंय. ते बघून घेतलात ना? लेबलवरचं 36 कधी अंगाच्या मापाचं असतं, कधी ब्लाउजच्या मापाचं, आणि कधी ‘माया सोडवल्यावर इतका होईल’ असं असतं. लेबल सोडा, टेप लावा. तुमच्या मापाच्या ब्लाउजची पाठ साडेसतरा आणि पुढची बाजू एकोणीस भरली, म्हणजे साडेछत्तीस. फरक बरोबर दोन इंचांचा, आणि मायेतून मिळतात तेही दोनच.

कागदावर जमलं, पण एक गोम आहे. तुमचा जुना ब्लाउज बिनपॅडचा आहे. नव्यात चांगले जाड कप आहेत, आणि ते जागा खातात ती आतली. बाहेरून साडेछत्तीस झाला तरी आत तुम्हाला तो घट्टच वाटणार. म्हणून माझं म्हणणं, कप काढून टाकू. तुम्ही कदाचित म्हणाल की कप काढल्यावर पुढून कापड ढिलं पडतं. पडतं, पण ज्यांना ब्लाउज छातीत सैल होतो त्यांना. कापड त्या फुगवट्यासाठी कापलेलं असतं, आणि आतून ते भरायला काही नसलं की तिथे खळगा दिसतो. तुम्हाला तो घट्ट होतोय, म्हणजे तुमच्या अंगानंच ती जागा भरेल. कप काढायला बाजू उसवलेली असतानाच तीन-चार इंचांतून हात आत जातो. तेव्हा त्याला वेगळी खटपट नाही. मात्र कप प्रिन्सेसच्या शिलाईत मशीननं धरलेला असेल तर ओढायचा नाही, शिलाईपाशी कात्रीनं कापून काढायचा. ओढला तर अस्तरालाच भोक पडतं.

तुम्ही घरी मशीन चालवता असं मागे म्हणाला होतात. पुढच्या वेळी बाजू सैल करणं तुम्ही स्वतःही करू शकाल, म्हणून कसं करायचं ते नीट सांगते. आधी अस्तर कसं बसवलंय ते बघा. काही ब्लाउजमध्ये कापड आणि अस्तर एकत्र धरून एकाच टिपेत बाजू शिवलेली असते. उलटं केल्यावर शिलाईच्या कडेला चारही थर एकत्र, उघडे दिसतात. हे सोपं. दुसऱ्या प्रकारात कापडाची बाजू वेगळी आणि अस्तराची वेगळी शिवून दोन्हींच्या शिलाया आत लपवलेल्या असतात, आणि उलटं केलं तरी आतून साफ अस्तरच दिसतं. तिथे आधी खालच्या घेरापाशी अस्तर चार-पाच इंच उसवून, त्या फटीतून बाजू बाहेर ओढून काढायची. मग दोन्ही शिलाया एकेक करून सोडवायच्या. तुमचा ब्लाउज पहिल्या प्रकारचा आहे.

सैल करताना जुनी शिलाई आधी उसवायची नाही. नवखी माणसं तीच घाई करतात, मग थर सरकतात आणि पुढची बाजू पाठीपेक्षा लांब निघते. आधी बाजूच्या दोन टोकांना, म्हणजे खालच्या दुमडीत आणि बाहीच्या किंवा मुंढ्याच्या, म्हणजे बाही बसते त्या गोलाच्या कडेला, इंचभर उसवून घ्या. मग मायेवर, जुन्या टिपेच्या बाहेर, खडूनं नवी रेघ काढा. काखेत अर्धा इंच. कमरेला जितकं हवं तितकंच, कारण छातीला घट्ट होतो म्हणजे कमरेलाही होतो असं नाही. तुमच्या कमरेला एकूण एकच इंच हवाय, म्हणून काखेतला अर्धा इंच खाली येता येता पाव इंचावर आणीन. पाव इंच चार कडांना, झाला एक इंच. रेघेवरून नवी टीप मारा, दोन्ही टोकांना मागेपुढे करून पक्की करा, आणि मग आतली जुनी टीप उसवा. जुनी शिलाई तोवर थर धरून ठेवते, कच्चा टाका घालायची गरजसुद्धा पडत नाही. घट्ट करताना ह्याच्या उलट. नवी टीप जुनीच्या आतून मारायची, अंगात घालून बघायचं आणि जुनी टीप तशीच राहू द्यायची. माया कापायची नाही. लग्नानंतर वर्षभरानं माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका तीच माया शोधत येतात.

उसवल्यावर जुन्या टिपेची भोकं दिसतात. सुती कापडावर पाण्याचा हात फिरवून इस्त्री केली की ती बुजतात. तुमच्या जरीच्या कापडावर ती पूर्ण जाणार नाहीत. पण ती रेघ काखेखाली येते आणि हात खाली असला की झाकली जाते. सॅटिन आणि टिश्यू असेल तर मात्र मी गिऱ्हाइकाला आधी बाजूचे दोनच टाके उसवून दाखवते आणि मगच पुढे जाते. जरीच्या कापडाचा आणखी एक त्रास म्हणजे धागे सुटतात. म्हणून सुटलेल्या कडेला लगेच ओव्हरलॉक मारावं, नसेल तर हातानं कडेवरून वळसे घालत टाके घालावेत.

तुमच्या ब्लाउजवर हातकाम नाही हे आपलं नशीब. आरीचं किंवा मण्यांचं काम बाजूच्या शिलाईपर्यंत आलेलं असेल तर काम चौपट वाढतं. मण्यावर मशीनची सुई आपटली की ती मोडते, म्हणून नव्या टिपेच्या रेघेवरचे मणी आधी काढावे लागतात. आणि आरीचा टाका साखळीचा असतो. तो मधेच कापला आणि मागून गाठ मारली नाही, तर एक टोक ओढलं गेलं की अख्खी वेल सुटत जाते. असा ब्लाउज मायेसकट घ्या, पण तो शक्यतो आहे तसा बसणाराच घ्या.

आता बाह्या. तुम्ही लिहिलंय की ‘बाह्यांचं कापड आत दिलंय’. हो, आहे. बिनबाह्यांच्या बऱ्याच रेडीमेड ब्लाउजमध्ये बाहीचे दोन तुकडे आतल्या बाजूला टाचून देतात. मी काढून मोजले. प्रत्येक तुकडा सोळा इंच रुंद आणि नऊ इंच उंच आहे, आणि खालच्या कडेला काठ आहे. हे कापड भरपूर आहे. पण बाही कापण्याआधी मुंढा मोजावा लागतो, आणि मुंढा मोजण्याआधी बाजू सोडवावी लागते. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आज तुमचा मुंढा पंधरा इंच आहे. बाजू सोडवली की काखेत पुढून अर्धा आणि मागून अर्धा इंच वाढतो, म्हणजे तो सोळा होईल. मी आज पंधराला बाही कापून ठेवली तर परवा ती एक इंच कमी पडेल, आणि मग काखेत ओढून बसवावी लागेल. कित्येक ब्लाउज काखेत बोचतात ते ह्याच कारणानं.

सोळा इंचांच्या मुंढ्याला बाहीची रुंदी शिलाईसकट पंधराएक इंच लागते आणि वरचा गोलवा तीन इंचांचा. उंची तुम्हाला सहा इंचांची बाही हवी असेल तर वर अर्धा इंच आणि खाली दुमडीला एक, म्हणजे साडेसात. कापड नऊ इंच आहे, तेव्हा बसते.

पण बिनबाह्यांच्या ब्लाउजला बाही लावताना एक अडचण हटकून येते. असा ब्लाउज खांद्यावर आतून कापलेला असतो. बाहीच्या ब्लाउजला खांद्यावर मुंढ्याची कड हाडाच्या टोकाशी येते, बिनबाह्यांच्याला तीच अर्धा-पाऊण इंच आत असते, कारण तो तसाच चांगला दिसतो. तिथे बाही लावली की बाहीची शिलाई खांद्यावर चढल्यासारखी दिसते आणि हात वर केला की ओढते. ह्यावर उपाय म्हणजे बाहीचा गोलवा त्या अर्ध्या इंचानं उंच कापायचा. म्हणजे खांद्यावर जे कापड कमी आहे ते बाही भरून काढते. शिलाईची रेघ आतच राहील, पण ओढ बसणार नाही. त्यासाठी बाहीला उंची आठ इंच लागते, साडेसात नाही. हे आठ लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब येतोय.

मुंढ्याची सध्याची कड आतून उरेब पट्टीनं बंद केलेली आहे. ती सगळी उसवावी लागेल. कड उघडली की बघायचं की तिथे कट किती खोल दिलेत. तुमच्याकडे ते उथळ आहेत. मी काखेपाशी दोन इंच उसवून बघितलं, त्यासाठी माफ करा, पण त्याशिवाय हो म्हणता आलं नसतं.

हात वर केला की ब्लाउज वर सरकतो, अशी तक्रार घेऊन बायका येतात आणि मुंढा घट्ट आहे, मोठा करा म्हणतात. बहुतेक वेळा मुंढा घट्ट नसतो, उलट तो खोल असतो. काखेपासून दोन बोटं खाली उतरलेला मुंढा हात उचलला की अख्खा ब्लाउज सोबत घेऊन वर जातो. असा मुंढा आणखी कापला तर तक्रार वाढते. खरोखर घट्ट मुंढा कसा ओळखायचा? काखेतून छातीकडे आडव्या चुण्या जातात आणि ब्लाउज काढल्यावर काखेच्या पुढे लाल वळ दिसतो. तो असेल तरी आधी मुंढ्याच्या मायेला दोन-तीन छोटे कट देऊन बघायचे. न दिलेले कट बरेचदा बोचत असतात. नाहीच भागलं तर पाव इंच खाली कापायचं. अर्ध्या इंचाच्या पलीकडे मी जात नाही.

मागचा गळा. तो मानेपासून दहा इंच खोल आहे आणि तुम्हाला सात हवाय. जे कापड कापून गेलं ते परत येत नाही, म्हणून सात होणार नाही. गळा खोल करता येतो, वर घेता येत नाही. पण तुमच्याकडे बाहीचं कापड आहे, आणि इथे तुम्हाला निवड करायची आहे.

सहा इंचांची बाही ठेवली तर आठ इंच कापड बाहीत जातं आणि एक इंचाची पट्टी उरते. तिचा काही उपयोग नाही. साडेचार इंचांची बाही चालणार असेल तर साडेसहा इंच लागतं आणि अडीच इंच उंच, सोळा इंच लांब अशी बुट्ट्यांची पट्टी हाती येते. काठ खाली बाहीलाच राहतो. तुमचा गळा खालून गोल आहे, आणि तळापासून दोन इंच वर त्याची रुंदी साधारण सात इंच आहे. त्या पट्टीतून मी चंद्रकोरीसारखा एक तुकडा कापीन, खालून अस्तर लावीन आणि वरची कड तशाच पायपिंगनं बंद करीन. वर आणि खाली पाव-पाव इंच शिलाईत जाईल, दोन इंच दिसेल. दहाचा गळा आठ होईल.

हा तुकडा लावताना जुना गळा उसवायचा नसतो. गळ्याची पायपिंग आहे तशी ठेवून तुकडा तिच्या मागे सरकवायचा, हातानं कच्चा टाका घालून धरायचा, आणि पायपिंग कापडाला जिथे भिडते त्या खोबणीतून टीप न्यायची. टीप खोबणीत बुडते. समोरून बघणाऱ्याला वाटतं की गळ्याला दुहेरी पायपिंगची नक्षीच होती. गळा उसवून जोड दिला तर तो जोडच दिसतो, आणि उसवलेली गोलाई ताणली जाऊन पुन्हा पाठीला चिकटून बसत नाही. ही चूक मी सुरुवातीच्या काळात एका पिस्त्याच्या रंगाच्या ब्लाउजवर केली होती. गिऱ्हाईक काही बोललं नाही, पण पुन्हा आलंही नाही.

साडेचार इंचांची बाही नको असेल तर गळा आहे तसा राहू द्या. बाजारातून तसंच दिसणारं कापड आणून जोडू का, असं विचारू नका. जरीचा रंग दुकानातल्या दिव्याखाली जुळतो आणि मांडवात वेगळा दिसतो. जाळी लावायची असेल तर ती मुद्दाम वेगळी दिसावी म्हणून लावायची, जुळवायला नाही.

शेवटचं खांद्याचं. तुम्ही म्हणता खांदा उतरतो, तर खांद्याची शिलाई वर घ्या. सरसकट वर घेतली तर काय होईल ते सांगते. खांदा अर्धा इंच वर घेतला की पुढचं आणि मागचं दोन्ही कापड अर्धा-अर्धा इंचानं जातं, मुंढा एक इंचानं लहान होतो, आणि प्रिन्सेसची गोलाई छातीच्या वर चढते. आपण बाजू सोडवून जो मुंढा मिळवला तो खांद्यात घालवून बसू. शिवाय तुमचा ब्लाउज उतरतो त्याचं कारण खांदा लांब आहे हे नाहीच. गळा रुंद आहे.

घरी करून बघायची एक परीक्षा आहे. ब्लाउज घालून पाठीमागे मानेखाली, गळ्याच्या दोन्ही कडा कुणाला तरी चिमटीनं अर्धा-एक इंच जवळ आणायला सांगा. खांदा जागेवर बसला तर दोष गळ्याच्या रुंदीचा. नाही बसला आणि खांद्याच्या टोकाला कापड उभं राहिलं, तर खांद्याचा उतार चुकलाय. पहिल्याला उपाय नाडी. मानेखाली दोन-अडीच इंचांवर दोन्ही बाजूंना नाडी लावायची, ती बांधली की कडा जवळ येतात. तुमच्या ब्लाउजला नाडी आहे, पण ती फार खाली, गळ्याच्या मध्यावर लावलीय. ती तिथे शोभेची आहे, धरत काही नाही. मी ती वर सरकवीन. सोबत खांद्याची शिलाई फक्त गळ्याकडच्या टोकाला पाव इंच आत घेईन आणि मुंढ्याकडे जाता जाता शून्यावर आणीन. म्हणजे गळ्याची कड आवळेल आणि मुंढ्याला धक्का लागणार नाही. त्यासाठी खांद्याच्या शिलाईपाशी पायपिंग दोन्हीकडे इंचभर उसवावी लागते, इतकंच. हे काम बाह्या बसवण्याआधी करायचं, कारण बाही बसल्यावर खांद्याचं टोक तिच्या शिलाईत अडकतं.

उंचीबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण दोन्ही ब्लाउज एकावर एक ठेवले तर नवा अर्धा इंच आखूड आहे. खाली एक इंचाची दुमड आहे. ती सोडून आतून पट्टी लावली तर पाऊण इंच मिळेल. हवं असेल तर कळवा, कारण बाजू सोडवताना खालची दुमड उघडलेलीच असेल. नंतर सांगितलंत तर पुन्हा उसवावं लागेल.

आता पुढचे दोन ब्लाउज घेताना. टेप घेऊन जा, आणि आधी गळा, खांदा, मुंढा बघा. ह्या तीन जागा जशा मिळतील तशाच घालाव्या लागतात, किंवा पाव-अर्ध्या इंचाच्या पलीकडे हलत नाहीत. छाती आणि कमर त्यानंतर. ती इंच-दोन इंच सैल असली तरी बाजूनं आत घेता येते. फक्त दोन इंचांहून जास्त सैल नको. तितकं सगळं बाजूनंच आत घेतलं की प्रिन्सेसची शिलाई काखेकडे ओढली जाते आणि मुंढ्याचा आकार बिघडतो. घट्ट मिळत असेल तर ब्लाउज दुकानातच उलटा करून अस्तराची माया बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. शिलाईच्या कडेला अर्धा सेंटीमीटर सोडून ओव्हरलॉक मारलेलं दिसलं तर ठेवून द्या, त्याच्या आत काहीच नसतं. आणि सुती अस्तर असेल, वरचं कापड धुण्याजोगं असेल, तर बदल करायच्या आधी ब्लाउज एकदा साध्या पाण्यातून काढा. अस्तर आटतं, वरचं कापड तितकं आटत नाही. शिवून झाल्यावर आटलं तर पाठीवर चुण्या पडतात. तुमच्या ह्या जरीच्या ब्लाउजला मात्र पाणी लावायचं नाही.

तर मला तीन गोष्टी कळवा. बाही साडेचार की सहा, कप काढू की नको, आणि उंची वाढवू की नको. उत्तर आलं की दुसऱ्या दिवशी बाजू उसवायला घेते. बाजू आणि खांदा झाल्यावर बाह्या कच्च्या टाक्यावर लावून ठेवीन, तेव्हा एकदा स्वतः या. भाच्याला पाठवू नका. येताना लग्नात जी ब्रा घालणार तीच घालून या आणि साडी नेसूनच या, कारण निऱ्या खोचल्यावर ब्लाउजची खालची कड कुठे येते ते पाहिल्याशिवाय मी खालची दुमड बंद करत नाही. लग्न तीन आठवड्यांवर आहे ना? मग येत्या रविवारपर्यंत कळवा. शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे कुणाचंही काम नीट होत नाही, हे मी स्वतःच सांगते.

तुमची,
शिवणवाली काकू